बिबडीचा अर्ज

माझी बायको द्वारका गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तीनशेच्या वर बिबड्या पालथ्या घातल्या.

ज्यांना बिबडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (ज्यांना माहीत आहे त्यांनी तोवर एक भाजून खावी.) ज्वारी तीन दिवस भिजवायची, आंबवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात मिरची-लसूण-तीळ घालून शिजवायची आणि गरम गरम असतानाच ओल्या कापडावर थापून उन्हात टाकायची. वरची बाजू वाळली की एकेक सोडवून पालथी घालायची. खानदेशात पूर्वी चैत्रात जिच्या घरी हे व्हायचं नाही तिच्याकडे लोक संशयाने बघायचे.

कापड मात्र जुनं लागतं. नव्याला बिबडी चिकटते आणि मग सोडवताना नवराबायकोचं भांडण होतं. आमच्या घरी कापडाला तोटा नव्हता, कारण मी टेलर. शहाद्यात माझं दुकान आहे आणि चाळीस वर्षं मी पायजम्याशिवाय काही शिवलं नाही. पँट शिवायला एकदा घेतली होती. गिऱ्हाईक परत आलं नाही, पँट आली. तेव्हा जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले माझे पायजमे द्वारका उसवायची आणि त्यावर बिबड्या थापायची.

तर त्या दुपारी व्हरांड्यात दोन खाटा, खाटांवर पायजमे, पायजम्यांवर बिबड्या, आणि आम्ही दोघं वाकलेलो. नात पल्लवी पायरीवर बसून जाडजूड इंग्रजी डिक्शनरी चाळत होती. पोराचं बिऱ्हाड सुरतेला आहे. पल्लवी लोणखेड्याला कॉलेजात इंग्रजी शिकते म्हणून आमच्याकडे राहते. ती मधेच म्हणाली, "आबा, तुन्हा पायजमा यामा शे."

माझा पायजमा पुस्तकात कसा, म्हणून मी खाली बघितलं. होता.

मग तिने वाचून दाखवलं. पायजमा हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला, आणि नेताना त्याला वरचा सदराही जोडला. त्यांच्याकडे झोपायच्या पूर्ण जोडीला पायजमा म्हणतात. विलायतेत तो पी-वाय ने सुरू होतो, अमेरिकेत पी-ए ने, आणि दोन्ही बरोबर. हे ऐकून माझ्या डोक्यावरचं वीस वर्षांचं ओझं उतरलं. माझ्या दुकानाच्या पाटीवर एका बाजूला पी-वाय आहे आणि दुसऱ्या बाजूला पी-ए. पेंटर जेवून आल्यावर विसरला होता. वीस वर्षं शाळामास्तर लोक हसून जायचे. आता कळलं, मी स्टँडकडून विलायतेत आहे आणि बाजाराकडून अमेरिकेत.

शेजारचे युसूफभाई रफूचं काम करतात, उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेलेले. ते कठड्यावर टेकून ऐकत होते. म्हणाले, पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे कपडा, हा शब्द मुळात फारशी. तुमचाही नाही आणि इंग्रजांचाही नाही, तुम्ही दोघं उगाच भांडू नका.

पल्लवीने पुढे व्हरांडा काढला. त्यालाही दोन रूपं, एक शेवटी एच लावून, एक एच न लावता. जे रूप छापलेलं जास्त सापडतं ते आधी लिहितात आणि दुसरं 'असंही' म्हणून मागे. मग चटणी. चटणीला जुन्या पुस्तकांत तीन-चार तऱ्हा होत्या, त्यांतली एक टिकली, बाकीच्या मेल्या. द्वारकाने सगळं ऐकलं. हात थांबवला नाही.

"चटनी गई, पायजमा गया, व्हरांडा गया," ती म्हणाली. "मन्ही बिबडी?"

पल्लवीने पानं उलटली. "नही वं आजी."

"परत देख."

"देखं. बी मा नही शे."

"मंग त्या पायजमावर काय वाळत टाकतस ते त्यासले माहीतच नही?"

मुद्दा बिनतोड होता. खालचं कापड इंग्रजीत, बसायची जागा इंग्रजीत, तोंडी लावायचं इंग्रजीत, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती बाहेर उभी. मी सहज बोलून गेलो, "मी टाकी देसू तुन्ही बिबडी त्यामा."

द्वारकाने माझ्याकडे बघितलं. "तुमी? तुमी त मन्हं नाव रेशनकार्डवर धड लिखाडं नही." मग खाटेकडे बोट करून म्हणाली, "आवो, ती कोपरानी राही गयी."

कोपऱ्यातली मी पालथी घातली. ते आमचं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. मी म्हटलं, ती कधी नव्हे ती माझ्यानंतर उठणार होती, म्हणून मी हाक मारली नाही. असो.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि गॅसची टाकी संपली.

गॅस तिच्या नावावर होता. एजन्सीवाला म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा, मग तुमच्या नावावर करू. मी दाखला नेला. तो म्हणाला, दाखल्यात द्वारकाबाई आहे, आधारवर द्वारिका आहे आणि रेशनकार्डावर द्वार्का. या तीन बायका आहेत. मी म्हणालो, पन्नास वर्षांत मला एकच दिसली. तो म्हणाला, तसं शपथपत्र आणा.

असं शपथपत्र असतं. कोर्टासमोर नोटरी वकील बसतात, त्यांच्या शेजारी भामरे नावाचे टायपिस्ट. त्यांनी माझं दोन मिनिटांत काढून दिलं. वर खाली सगळं इंग्रजी. मला चौथीपर्यंतच शाळा, तीसुद्धा मराठी, म्हणून मी विचारलं काय लिहिलं. भामरे म्हणाले, "द्वारकाबाई उर्फ द्वारिका उर्फ द्वार्का ह्या बठ्या एकच शेतस, आस लिखेल शे. आठे सही."

मी सही केली. गॅस मिळाला. तिघींची एक झाली.

आणि तिथेच, कोर्टासमोरच्या लिंबाखाली, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिक्शनरीत पायजम्याला दोन नावं, व्हरांड्याला दोन नावं, म्हणजे त्यांनीही कधीतरी असंच उर्फ लावून शपथपत्र दिलेलं असणार! नाव लागायचं तर अर्ज लागतो, अर्जाला पुरावा लागतो, पुराव्याला शिक्का लागतो. रेशनकार्डात नाव असंच लागतं, मतदारयादीत असंच लागतं. विलायत काय वेगळी असेल? माझं आयुष्य कचेऱ्यांच्या दारात गेलं आहे. डिक्शनरी ही मोठी मतदारयादीच आहे अशी माझी खात्री पटली. बिबडीचं नाव नाही, कारण कोणी अर्जच केला नाही.

पल्लवीला सांगितलं. ती म्हणाली, आबा, अर्ज असतो, पण तसा नसतो. डिक्शनरीवाल्यांचा फोनवरच एक फॉर्म असतो, त्यात शब्द सुचवता येतो, एवढंच. मी म्हणालो, फॉर्म असतो ना, मग झालं. फॉर्मला कागदपत्रं जोडावीच लागतात. ती म्हणाली, कोणी मागितली नाहीत. मी म्हणालो, मागत नाहीत आणि मग तीन महिन्यांनी त्रुटी काढतात.

पहिली अडचण स्पेलिंगची. पल्लवीने कागदावर एक लिहिलं. सुरतेहून पोराने फोनवर दुसरं सांगितलं, मधे एक 'ए' जास्त. द्वारकाच्या बहिणीच्या गावात बिबडं म्हणतात, त्यांचं तिसरं. तालुक्यात एक बाई पाकिटं विकते, तिच्या छापील पाकिटावर चौथं, आणि त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला पाचवं. (तिचाही पेंटर जेवायला गेला असावा.) पल्लवी म्हणाली, चालतं, सगळी द्या, किती तऱ्हांनी लिहितात हेच त्यांना बघायचं असतं. मी म्हणालो, मग भामरेंना सांगतो, उर्फ लावतील.

दुसरी अडचण फोटोची. अर्जाला पासपोर्ट फोटो लागतो. कोणी मागितला नव्हता, पण मी बिबडी घेऊन स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर ओळखीचा. त्याने मागे निळा पडदा लावला, स्टुलावर बिबडी उभी केली आणि सवयीने म्हणाला, "मान थोडी वर." मग त्याने बटण दाबलं.

तिसरी अडचण सत्यप्रतीची. मूळ वस्तू पाठवता येत नसेल तर झेरॉक्स पाठवतात. एसटी स्टँडवर झेरॉक्सवाल्याने बिबडी काचेवर ठेवून घेतली, कारण त्याला वाटलं मी दुःखात आहे, याला नाही म्हणू नये. झेरॉक्समध्ये काळ्या आकाशात चंद्र आला, खड्ड्यांसकट. त्या दिवशी पुढची सगळी झेरॉक्स तीळ लागून निघाली. एका पोराच्या जातीच्या दाखल्यावर तीळ, एकाच्या सातबाऱ्यावर मिरची.

साक्षीदार म्हणून युसूफभाईंनी उर्दूत लिहून दिलं: मी ही चीज चाळीस वर्षं खात आलो आहे, रमजानमध्ये इफ्तारीलासुद्धा, आणि ती खरी आहे. खाली सही. मग मला म्हणाले, "मास्टर, आपन हाई कसाले करी ऱ्हायनूत?"

मी म्हणालो, "सबूत कमी पडाले नको."

"कोनले कमी पडी?"

मी कागदाची घडी घातली. त्यांनी परत विचारलं नाही. ते रफूचं काम करतात. कुठे बोट घालू नये हे त्यांना कळतं.

भामरेंकडे गेलो तेव्हा त्यांच्याकडे गर्दी होती. मी म्हणालो, मागच्या वेळी केलं तसंच पाहिजे, फक्त नावं बदलायची. पाचही स्पेलिंग दिली. भामरेंनी कॉम्प्युटरमधून माझा जुना कागद काढला, नावं बदलली, छापला. मी सही केली. नोटरीने शिक्का मारला, लाल सील लावलं. पल्लवीने सगळ्याचे, त्या बाईच्या पाकिटाचेसुद्धा, फोटो काढून फॉर्मबरोबर धाडले. धाडताना मी विचारलं, वाचलं ना? ती म्हणाली, पहिलं पान वाचलं, पुढे नुसता कायदा आहे.

तो कायदा काय होता ते दीड महिन्याने कळलं.

वैशाखातलं ऊन होतं, आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, आणि पल्लवीच्या फोनवर विलायतेहून उत्तर आलं. ती वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिने तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं, नाकारलं. मी म्हणालो, वाच, मी नाकारलेल्या अर्जांना भीत नाही.

"आबा, त्यांनी लिहिलंय," ती म्हणाली, "तुमच्या पत्नी बिबडी यांच्या निधनाबद्दल आम्हाला फार वाईट वाटलं."

युसूफभाई कठड्यावरून सरळ झाले.

पल्लवीने मग आमचंच शपथपत्र उघडलं आणि दुसरं पान मराठीत सांगितलं. भामरेंनी नावं बदलली होती, बाकी काहीच बदललं नव्हतं. मी शपथेवर सांगितलं होतं की मयत बिबडी ही, पाचही नावांनी, एकच व्यक्ती असून माझी कायदेशीर लग्नाची बायको होती; ती मार्चमध्ये राहत्या घरी वारली; आणि तिची गॅसजोडणी माझ्या नावे करण्यास कोणाची हरकत नाही. सोबत मयताचा फोटो, निळ्या पडद्यासमोर. सोबत चंद्राची झेरॉक्स. सोबत युसूफभाईंची सही, की आपण तिला चाळीस वर्षं खात आलो आहोत!

युसूफभाई हळूच म्हणाले, "या अल्ला. इफ्तारीले भी लिखेल शे."

उत्तरातलं पुढचं मात्र सरळ होतं, आणि मी ते पल्लवीकडून तीनदा ऐकलं. लिहिणारी कोणी बाई होती. तिने लिहिलं होतं की गॅसजोडणीच्या बाबतीत डिक्शनरी काही करू शकत नाही. शब्द आत घ्यायला शपथ, शिक्का, साक्षीदार काही लागत नाही आणि असून उपयोगही नाही. आम्ही कोणाला मान्यता देत नाही, लोक काय लिहितात तेवढं नोंदवतो. शब्द इंग्रजी लिखाणात सापडायला हवा: एका माणसाच्या नाही, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुष्कळ जणांच्या, एका वर्षाच्या नाही, बऱ्याच वर्षांच्या, वर्तमानपत्रात, पुस्तकात, हॉटेलच्या यादीत, पाकिटावर, कुठेही. आणि खरी खूण ही, की लिहिणारा त्याचा अर्थ सांगायला थांबत नाही. आज चटणी म्हणजे काय हे कोणी कंसात सांगत नाही. तसं बिबडीचं झालं की ती आत. स्पेलिंगची काळजी करू नका. पाचही आम्ही एकाच शब्दाखाली मोजतो, जे जास्त चालेल ते पुढे येईल, बाकीची 'असंही' म्हणून मागे राहतील. पाकिटाचा फोटो कामाचा आहे, तो ठेवून घेतला. बाकी फाईल ठेवून घेतली आहे, कारण अशी फाईल आमच्याकडे याआधी आली नव्हती.

शेवटी एक ओळ होती. शपथपत्रात चूक झाली असावी असं दिसतं, पण बिबडी कोण होती हे आम्हाला समजलं, असं तिने लिहिलं होतं.

पल्लवीने विचारलं, "आबा, कळवू का? की आजीचं नाव द्वारका होतं, आणि बिबडी ही खायची वस्तू आहे? दुरुस्तीचं पाठवू?"

मी विचार केला. रेशनकार्डावर द्वारकाचं नाव तीस वर्षं चुकीचं होतं, आणि ते मी दुरुस्त केलं नाही, आज जाऊ उद्या जाऊ करत. विलायतेत कुठल्यातरी कपाटात ती बिबडी या नावाने लागली आहे. फाईल जपून ठेवणारी कचेरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. म्हणालो, राहू दे. तिला ते नाव चाललं असतं. बोलली असती, पण चाललं असतं.

"मग शब्दाचं काय?" पल्लवी म्हणाली. "पुष्कळ लोकांनी लिहायला पाहिजे म्हणतात."

युसूफभाई म्हणाले, "लिखाना आधी खाले पाहिजे. गल्लीमा आते कोन बनाडस?"

गल्लीत कोणी बनवत नव्हतं. बनवणारी आमच्याकडे होती. घरी तिच्या हातच्या तीनशेच्या वर बिबड्या दोन पत्र्याच्या डब्यांत होत्या. एक फोटोला आणि झेरॉक्सला गेली होती. तीही मी परत आणून ठेवली होती. बाकीच्यांना मी हात लावला नव्हता. आतापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की त्या पुराव्यासाठी राखून ठेवल्या आहेत.

डबा उघडला. पल्लवीने तीन भाजल्या. झेरॉक्सवाली माझ्या वाट्याला आली, तिला शाईचा वास होता. बाकी चव द्वारकाच्याच हातची होती. युसूफभाईंनी अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधून घेतली, म्हणाले, घरी साक्षीदार अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून ज्वारी भिजत घातली. किती घालायची हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. न्हाणीतली मोठी घमेली भरली, मग बादली भरली, मग पल्लवी उठली आणि म्हणाली, आबा, एवढ्यात गावजेवण होईल. मी म्हणालो, त्या बाईने पुष्कळ लोक सांगितले आहेत.

तीन दिवसांनी ज्वारी आंबली, मग कापड शोधलं. जुने पायजमे एकही सापडेना. बाराव्याच्या आधी पाहुण्यांनी घर आवरलं तेव्हा चिंध्या समजून टाकून दिले असतील. दुकानात चाळीस नवे होते, पण नव्याला बिबडी चिकटते, आणि आता भांडायला कोणी नाही. धुऊन धुऊन मऊ झालेला पायजमा घरात एकच उरला होता. तो मी नाडी सोडून काढला, व्हरांड्यात बसून टाचेपासून उसवला आणि पाण्यात भिजवला.

इतक्यात युसूफभाई कठड्याशी आले आणि बघतच राहिले. माझ्या कमरेला पंचा, मांडीवर कात्री. "मास्टर," ते म्हणाले, "चाळीस साल पायजमा शिवात. तुम्हना कोठे शे?"

मी पल्लवीच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. माझा पायजमा डिक्शनरीत आहे, दोन्ही स्पेलिंगनी. अंगावर तेवढा नाही.